सल्ला देणाऱ्याला पैसे कोण देतो? शुल्क घेणारे सल्लागार, कमिशनवरचे वितरक आणि त्यांना विचारायचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात पैसे गुंतवण्याचा सल्ला बहुधा ओळखीच्याच माणसाकडून मिळतो. रोज दुकानात येऊन पिग्मी गोळा करणारा मुलगा विम्याचाही एजंट असतो, निवृत्त शिक्षक म्युच्युअल फंडाचे अर्ज भरून देतात आणि बँकेच्या शाखेत गेले की तिथला अधिकारी मुदत ठेवीऐवजी दुसरेच काही सुचवतो. यातील कोणीही तुमच्याकडून सल्ल्याचे पैसे मागत नाही, म्हणून सल्ला फुकट आहे असा समज होतो. प्रत्यक्षात त्याचे पैसे तुम्हीच देता, मात्र ते विमा कंपनीच्या किंवा फंडाच्या हातून त्या माणसाकडे पोहोचतात, आणि किती पोहोचतात हे तुम्हाला दिसत नाही. हा लेख प्रथमच मोठी रक्कम हाती आलेल्या वाचकांसाठी आहे. समोरचा माणूस कोणाचे पैसे घेऊन सल्ला देतो, हे कसे शोधायचे, एवढाच त्याचा विषय आहे.

आधी माणूस कोणत्या नोंदणीखाली काम करतो ते पाहावे

शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांखाली नोंदणी झालेल्या सल्लागाराचा क्रमांक INA या अक्षरांनी सुरू होतो. असा सल्लागार तुमच्याकडून शुल्क घेतो, तुमच्याशी लेखी करार करतो, तुमची जोखीम घेण्याची क्षमता तपासतो, आणि तुमचे हित आधी पाहणे हे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक असते. ज्या ग्राहकाला तो सल्ला देतो, त्याच ग्राहकाला कमिशनची योजना विकण्याची त्याला मुभा नाही, आणि ही मनाई त्या ग्राहकाच्या कुटुंबालाही लागू आहे.

म्युच्युअल फंडाचा वितरक ही वेगळी व्यक्ती आहे. त्याची नोंदणी म्युच्युअल फंडांच्या संघटनेकडे, म्हणजे अॅम्फीकडे असते आणि त्याचा क्रमांक ARN या अक्षरांनी सुरू होतो. तो योजना विकतो, विकताना त्या अनुषंगाने थोडेफार मार्गदर्शन करतो आणि त्याचे उत्पन्न फंड कंपनीकडून येते. विम्याचा एजंट आणि विमा विकणारी बँक हे विमा नियामकाच्या कक्षेत येतात व त्यांनाही कमिशन कंपनीच देते. वितरकाने स्वतःला ‘वेल्थ अॅडव्हायझर’ किंवा ‘स्वतंत्र आर्थिक सल्लागार’ म्हणवून घेणे सेबीच्या नियमांत बसत नाही. तरीही अशा पाट्या आणि व्हिजिटिंग कार्डे सर्रास दिसतात. म्हणून पाटीवरचे शब्द वाचत बसण्यापेक्षा क्रमांक विचारावा.

क्रमांक मिळाल्यावर तो स्वतः पडताळावा. सल्लागारासाठी sebi.gov.in वर मान्यताप्राप्त मध्यस्थांची यादी आहे, तर वितरकासाठी amfiindia.com वर शोध घेता येतो. नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की नाही, या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. खऱ्या सल्लागाराचा क्रमांक चोरून व्हॉट्सअॅपवर गट चालवणारे भामटेही असतात. त्यामुळे संपर्क साधताना समोरच्याने दिलेला फोन नंबर न वापरता यादीत दिलेलाच फोन किंवा ईमेल वापरावा. सल्लागाराचे शुल्क रोखीने देऊ नये. रोख मागणारा माणूस नियम पाळत नाही, एवढे तरी त्यावरून नक्की कळते.

सल्लागार बेळगावातच असला पाहिजे असे नाही. पुण्यातील किंवा बेंगळुरूतील सल्लागार व्हिडिओ कॉलवर काम करतात, आणि कराराचा मजकूर इंग्रजीत असला तरी चर्चा मराठीत करणारा माणूस शोधणे अशक्य नाही. करारातील शुल्काचे आणि हितसंबंधांचे कलम त्याच्याकडून मराठीत ईमेलवर लिहून घ्यावे. नीट काम करणारा सल्लागार याला हरकत घेत नाही.

एक उदाहरण घेऊन पाहू

समजा, खानापूर तालुक्यातील एक सुभेदार नुकतेच निवृत्त झाले आहेत. निवृत्तीचे सर्व मिळून २४ लाख रुपये त्यांच्या बचत खात्यात आले आहेत. निवृत्तिवेतनावर घरखर्च भागतो. त्याच बँकेचे घरकर्ज ६ लाख शिल्लक आहे, व्याजदर बदलता असून सध्या ९ टक्के आहे. मुलीचे अभियांत्रिकी शिक्षण चार वर्षांनी सुरू होईल आणि त्यासाठी सुमारे ८ लाख लागतील. शाखेतील अधिकारी त्यांना ‘हमी परताव्याची’ विमा योजना सुचवतो. दर वर्षी ४ लाखांचा हप्ता, दहा वर्षे.

आता हेच पैसे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले तर सुचवणाऱ्याला काय मिळते ते पाहू. पारंपरिक विमा योजनांत पहिल्या वर्षीच्या हप्त्यावरचे कमिशन मोठे असते. ते योजनेनुसार बदलते, म्हणून गणितापुरते ३० टक्के धरू. ४ लाखांवर ते १ लाख २० हजार होतात. ही रक्कम अधिकाऱ्याच्या खिशात जाते असे नाही. ती बँकेच्या उत्पन्नात जमा होते, पण शाखेचे आणि त्या अधिकाऱ्याचे उद्दिष्ट अशाच विक्रीवर मोजले जाते. याउलट ८ लाख रुपये म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये, म्हणजे वितरकाचे कमिशन धरलेल्या प्रकारात ठेवले आणि वितरकाला वर्षाला ०.८ टक्के मिळत असतील, तर त्याला वर्षाकाठी सुमारे ६,४०० रुपये मिळतील. बँकेतील मुदत ठेवीवर कोणाला कमिशन नाही. आणि ६ लाखांचे घरकर्ज फेडून टाकले तर कोणालाच काही मिळत नाही. उलट बँकेचे पुढील वर्षाचे ५० हजारांहून अधिक व्याज बुडते.

सुभेदारांच्या बाजूने पाहिले तर हाच क्रम उलटा होतो. कर्ज फेडणे म्हणजे ९ टक्क्यांची खात्रीची बचत. बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई असल्याने त्यात खर्चही नाही. विमा योजनेत मात्र दुसरीच अडचण आहे. २४ लाखांतून दर वर्षी ४ लाख भरले तर पैसे सहा वर्षेच पुरतात, आणि मुलीचे शिक्षण मधल्या काळात आले तर त्याआधीच संपतात. उरलेल्या वर्षांचे हप्ते कोठून भरायचे? हप्ते थांबवून पॉलिसी मध्येच सोडली, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत, तर भरलेल्या रकमेचा मोठा भाग परत मिळत नाही. अधिकारी वाईट माणूस आहे, असा याचा अर्थ नाही. तो मनापासून ती योजना चांगली मानत असेल. पण कर्ज फेडण्याचा पर्याय त्याच्या तोंडून कधीच निघत नाही, आणि हितसंबंधांचा संघर्ष ओळखायचा तो या मौनावरून.

प्रश्न कसे आणि कोणत्या क्रमाने विचारावेत

आपल्याकडे एजंट हा भावकीतला किंवा सोयरा असतो आणि त्याला कमिशन विचारणे उद्धटपणाचे वाटते. म्हणून प्रश्न आरोपासारखा न विचारता हिशेबासारखा विचारावा. पहिला प्रश्न असा असावा: “मामा, मी हे घेतले तर तुम्हाला किंवा तुमच्या संस्थेला पहिल्या वर्षी किती रुपये मिळतील, आणि दुसऱ्या वर्षापासून किती?” टक्केवारी विचारू नये, रुपये विचारावेत. ‘अगदी थोडे’, ‘कंपनी देते, तुमच्या पैशातून नाही’ ही उत्तरे अपुरी आहेत. कंपनीकडचा पैसा शेवटी तुमच्या हप्त्यातून किंवा फंडाच्या खर्चातूनच येतो. पहिल्या आणि नंतरच्या वर्षांतील रकमेत मोठी तफावत असेल, तर विकणाऱ्याचा फायदा विक्रीच्या दिवशीच संपतो आणि तुम्ही पुढे योजनेत टिकता की नाही, याच्याशी त्याचा फारसा संबंध उरत नाही, हे समजून घ्यावे. म्युच्युअल फंडात सेबीने २०१८ साली आगाऊ कमिशन बंद करून केवळ वर्षानुवर्षे मिळणारे ट्रेल कमिशन ठेवले, ते याच कारणाने. विम्यात तसे झालेले नाही.

दुसरा प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो: “मी यातले काहीच घेतले नाही, कर्ज फेडले आणि उरलेले मुदत ठेवीत ठेवले, तर तुमचे मत काय?” या प्रश्नाला कमिशनवरचा माणूस कसे उत्तर देतो, ते लक्षपूर्वक ऐकावे. जो थांबून तुमचे कर्ज, मुलीचे शिक्षण, हाताशी ठेवायची रक्कम यांचा हिशेब करतो, त्याच्याकडे पुन्हा जावे. जो लगेच ‘ठेवीवर कर लागतो, महागाई खाते’ असे सांगून पुन्हा त्याच योजनेकडे वळतो, त्याने तुमच्या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही.

तिसरा प्रश्न पर्यायाचा: “हीच योजना कमिशनशिवाय मिळते का? मिळत असेल तर मी ती का घेऊ नये?” १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक म्युच्युअल फंडाला डायरेक्ट प्लॅन द्यावा लागतो. फंड तोच, व्यवस्थापक तोच, समभागही तेच, फक्त वितरकाचे कमिशन त्यात नसते. ‘डायरेक्टमध्ये सेवा मिळत नाही’ हे उत्तर अर्धे खरे आहे. अर्ज भरून देणे, वारसाचे नाव बदलणे, पत्ता सुधारणे ही कामे वितरक करतो, आणि ज्याला मोबाईलवर व्यवहार जमत नाही त्याच्यासाठी ती मोलाची आहेत. पण ‘डायरेक्ट धोक्याचे असते’ असे कोणी सांगितले, तर ते असत्य आहे.

चौथा प्रश्न वेळेचा: “तिसऱ्या वर्षी मला पैसे लागले तर नेमके किती हातात येतील?” याचे उत्तर तोंडी घेऊ नये. विमा योजनेच्या लाभ-दर्शक तक्त्यात प्रत्येक वर्षीचे समर्पण मूल्य, म्हणजे त्या वर्षी पॉलिसी सोडल्यास मिळणारी रक्कम, छापलेले असते. त्या ओळीवर बोट ठेवायला सांगावे. मराठीत सही करणाऱ्या ग्राहकाच्या प्रस्ताव अर्जावर, अर्जाचा मजकूर त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याची घोषणा असते आणि समजावणाऱ्याची सही असते. ही घोषणा कोरी ठेवून सही घेण्याची पद्धत मोडून काढायला हवी. मजकूर इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल तर तो खरोखर वाचून घ्यावा, आणि मगच सही करावी.

एजंटाने पहिल्या हप्त्यातील काही रक्कम परत देण्याची तयारी दाखवली तर खूश होऊ नये. अशी सूट देणे विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार निषिद्ध आहे. शिवाय जो १० टक्के परत देऊ शकतो, त्याला त्याहून बरेच अधिक मिळत आहे, हे त्यातून उघड होते.

शुल्क घेणाऱ्यालाही प्रश्न विचारावेत

नोंदणीकृत सल्लागार आणि ‘फक्त शुल्कावर’ काम करणारा सल्लागार, यांत फरक आहे. नियमानुसार एखादी सल्लागार कंपनी एका ग्राहकाला शुल्कावर सल्ला देऊन, वेगळ्या विभागामार्फत दुसऱ्या ग्राहकांना कमिशनच्या योजना विकू शकते. म्हणून विचारावे: “तुम्ही, तुमची कंपनी किंवा तुमच्या घरातील कोणी, कोणत्याही ग्राहकाला कमिशनवर काही विकता का? विमा, कर्ज, जमीन यांची शिफारस केल्यावर तुम्हाला कोणाकडून काही मिळते का?” उत्तर ‘नाही’ असेल तर ते करारात लिहून मागावे.

शुल्काच्या पद्धतीतही झुकाव दडलेला असतो. वैयक्तिक ग्राहकासाठी सेबीने दोन मर्यादा घातल्या आहेत: ठरावीक शुल्क एका कुटुंबाकडून वर्षाला जास्तीत जास्त १ लाख ५१ हजार, किंवा सल्ल्याखालील मालमत्तेच्या वर्षाला २.५ टक्के. ठरावीक शुल्काचे प्रत्यक्ष दर बहुधा कमाल मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी असतात. टक्केवारीने शुल्क घेणाऱ्याला तुमची रक्कम त्याच्या देखरेखीत राहण्यात रस असतो, त्यामुळे कर्ज फेडावे की नाही या प्रश्नावर तोही पूर्ण तटस्थ नसतो. ठरावीक शुल्काच्या पद्धतीत हा झुकाव नाहीसा होतो, पण दर वर्षी नूतनीकरण करण्यासाठी योजना मुद्दाम गुंतागुंतीची ठेवण्याचा मोह उरतो. “पुढच्या वर्षी मी तुमच्याकडे आलो नाही, तर ही योजना मला एकट्याने चालवता येईल का?” हा प्रश्न विचारला की तो मोह असल्यास दिसून येतो.

खर्चाची तुलना प्रामाणिकपणे करावी

शुल्काचा सल्लागार नेहमीच स्वस्त पडतो, असा प्रचार काही जण करतात. तो बरोबर नाही. सल्लागाराचे वर्षाचे शुल्क १५ हजार रुपये आणि रेग्युलर व डायरेक्ट प्लॅनच्या खर्चातील फरक ०.८ टक्के असे धरले, तर सुमारे १८ लाख ७५ हजार रुपयांच्या म्युच्युअल फंड गुंतवणुकीवर दोन्ही खर्च समान होतात. जीएसटी लागला तर हा आकडा आणखी वर जातो. ज्याच्याकडे दीड-दोन लाखच आहेत आणि दरमहा दोन हजारांचे एसआयपी करायचे आहे, त्याला वर्षाकाठी बारा-पंधराशे रुपये कमिशन मिळवणारा प्रामाणिक वितरक परवडतो. त्याच्यापुढे १५ हजारांचे शुल्क ठेवणे अयोग्य ठरेल.

मोठ्या रकमेत चित्र पालटते. १० लाख रुपये दहा वर्षे वर्षाला ११ टक्क्यांनी वाढले असे केवळ हिशेबापुरते धरले, तर सुमारे २८ लाख ३९ हजार होतात. दर वर्षी ०.८ टक्का कमी होऊन १०.२ टक्क्यांनी वाढले, तर सुमारे २६ लाख ४१ हजार. फरक जवळपास १ लाख ९८ हजारांचा. परताव्याची खात्री कोणीही देऊ शकत नाही, पण खर्चातील फरक मात्र नक्की असतो.

सुभेदारांच्या बाबतीत मी एकदाच शुल्क देऊन लेखी आराखडा घेणे सुचवेन. कर्जाचे ६ लाख फेडावेत, शिक्षणाचे ८ लाख व अडीअडचणीचे २ लाख मुदत ठेवीत ठेवावेत, आणि उरलेल्या ८ लाखांपैकी दीर्घकाळ न लागणारी रक्कम म्युच्युअल फंडात हळूहळू ठेवावी. ते किंवा मुलगी मोबाईलवर व्यवहार करू शकत असतील तर डायरेक्ट प्लॅन घ्यावा, अन्यथा कमिशन उघड सांगणारा वितरक चालेल. घरात कमावते ते एकटेच असतील तर शुद्ध मुदत विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा, आहे का, हेही या आराखड्यात तपासले जावे.

इथे पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांबद्दल एक गोष्ट सांगणे गरजेचे आहे, कारण आपल्या भागात ‘मुदत ठेव’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर त्याच येतात. ठेव विमा महामंडळाचे ५ लाखांपर्यंतचे संरक्षण बँकांतील ठेवींना असते, त्यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. पिग्मी गोळा करणाऱ्यालाही त्यावर कमिशन मिळते. त्यामुळे जादा व्याजदराची ठेव तो सुचवतो तेव्हा त्यालाही वरचेच रुपयांचे प्रश्न विचारावेत.

आधीच घेऊन बसलेल्यांनी काय करावे

म्युच्युअल फंड असेल तर ईमेलवर किंवा टपालाने येणारे एकत्रित खाते विवरण काढावे. सहामाही विवरणात तुमच्या गुंतवणुकीवर वितरकाला प्रत्यक्ष किती रुपये दिले गेले, हे योजनानिहाय छापलेले असते. योजनेच्या नावापुढे ‘Regular’ आणि वितरकाचा ARN क्रमांक दिसला तर कमिशन चालू आहे. ‘Direct’ असेल तर नाही. वितरकाने सांगितलेली रक्कम आणि ही रक्कम जुळते का, ते पाहावे. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे हे कायद्याच्या दृष्टीने विक्री आणि नवी खरेदी असते, म्हणून घाईने सर्व बदलू नये. समभागांत पैसे गुंतवणाऱ्या अनेक इक्विटी योजनांत एक वर्षाच्या आत बाहेर पडल्यास १ टक्का निर्गमन शुल्क असते आणि नफ्यावर करही लागतो. इक्विटी फंडाला एक वर्ष झाल्यावर, आर्थिक वर्षातील सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, त्यामुळे हा बदल दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागणे अनेकदा योग्य ठरते. तोवर नवीन हप्ते थेट डायरेक्टमध्ये वळवावेत.

विमा पॉलिसी नुकतीच घेतली असेल तर दस्तऐवज हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. अर्ज एजंटाकडे न देता थेट विमा कंपनीला लेखी द्यावा आणि पोहोच घ्यावी, कारण ‘थांबा, मी बघतो’ म्हणत एजंटाने हे दिवस घालवल्याचे प्रकार घडतात. वैद्यकीय तपासणी, मुद्रांक आणि झालेल्या दिवसांच्या जोखमीचा भाग वजा होऊन बाकीची रक्कम परत मिळते. मुदत उलटली असेल आणि चुकीची माहिती देऊन पॉलिसी विकली असेल, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिने दाद दिली नाही तर बेंगळुरू येथील विमा लोकपालाकडे जावे, त्यासाठी शुल्क लागत नाही. सल्लागार किंवा फंडाविषयीची तक्रार scores.sebi.gov.in या संकेतस्थळावर करावी. या सगळ्यात एजंटाचे लेखी उत्तर, लाभ-दर्शक तक्त्याची प्रत आणि रुपयांत सांगितलेल्या कमिशनचा व्हॉट्सअॅप संदेश उपयोगी पडतो. त्यासाठी वरील प्रश्न तोंडी विचारून झाल्यावर त्याच दिवशी एजंटाला संदेश पाठवावा: “आज बोलणे झाल्याप्रमाणे पहिल्या वर्षी तुम्हाला इतके रुपये मिळतील आणि तिसऱ्या वर्षी सोडल्यास माझ्या हाती इतके येतील, हे बरोबर ना?”